मिरचीचं पान कशानं वळतं?

सिल्लोड-भोकरदन पट्ट्यात उन्हाळी मिरचीची रोपं एप्रिलच्या शेवटी मल्चिंगवर लागतात आणि पाऊस-पाणी साथ देईल तसे तोडे दिवाळीपर्यंत चालतात. एवढ्या काळात पान वळल्याची तक्रार तीन-चारदा तरी होते, आणि दरवेळी तिला एकच नाव मिळतं. कुणी कोकडा म्हणतं, कुणी बोकड्या, तर पुस्तिकांमध्ये चुरडा-मुरडा. शेतकरी शेंड्याची चार पानं खुडतो, खिशात घालून तालुक्याच्या गावी नेतो आणि कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर ठेवतो. तोवर ती सुकून सगळ्याच बाजूंनी वळलेली असतात. दुकानदार तरी काय सांगणार? तो एक कीटकनाशक, एक कोळीनाशक, सोबत बुरशीनाशक आणि वर टॉनिकची बाटली काढून देतो. चारांपैकी एखादं लागू पडतं, पण कुठलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा चारही घ्यावी लागतात.

खरं तर मे महिन्यातलं वळण आणि ऑगस्टमधलं वळण यांची कारणं सहसा वेगळी असतात, आणि ती ओळखण्याच्या खुणा शेतातच असतात. पान वरच्या बाजूला वळलंय की खालच्या, फक्त शेंडा वळलाय की सगळं झाड, वळलेली झाडं एका कोपऱ्यात आहेत की विखुरलेली, आणि सकाळी सहाला पाहिलं तर काय दिसतं, एवढं पाहिलं तरी बरंचसं उलगडतं. खुडलेल्या पानावर यातलं काहीच उरत नाही. म्हणून निदान बांधावरच करायचं, सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक पांढरा कागद घेऊन.

लागवडीनंतर पहिली तक्रार येते ती उन्हाची. मिरचीला वीस ते तीस अंशांचं तापमान मानवतं, आणि मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशीपार असतो. दुपारी पानांतून जेवढं पाणी उडून जातं तेवढं मुळं वर चढवू शकत नाहीत, मग ती ओल्या जमिनीत असली तरी. अशा वेळी झाड पानांच्या कडा वर उचलून घेतं. उन्हाला सामोरा जाणारा पृष्ठभाग कमी होतो आणि पाणी वाचतं. हा आजार नव्हे, झाडाचा बचाव आहे. याची खूण सोपी आहे. दुपारी दोनला वळलेलं पान सूर्य उतरल्यावर सैल होतं आणि पहाटे सपाट दिसतं. शिवाय वळण शेंड्यापुरतं नसतं, जुनी पानंही वळतात आणि बहुतेक सगळा प्लॉट एकसारखा दिसतो. पानाच्या खालच्या बाजूला खरवडल्याच्या खुणा नसतात, रंगही बदललेला नसतो.

पहाटेही पान वळलेलंच असेल तर मात्र दोन शक्यता उरतात. एक तर मुळाशी पाणी कमी पडतंय, किंवा मुळंच खराब झालीयत. दुसरी शक्यता मल्चिंगवर बऱ्याचदा नजरेतून सुटते. वरून काही दिसत नाही म्हणून रोज ठिबक दोन-दोन तास चालतं, बेडमध्ये हवा राहत नाही, मुळं तपकिरी होतात आणि पानं तहानल्यासारखी वळतात. शेतकरी आणखी पाणी सोडतो. बोटभर खोल माती उकरून पाहिल्याशिवाय यातला फरक कळत नाही. आणखी एक जागा तपासावी, ती म्हणजे रोपाचा बुंधा. प्लास्टिकचं भोक लहान असलं की खालची तापलेली हवा त्याच भोकातून बाहेर पडते आणि कोवळ्या बुंध्याला चटका बसतो. भोक थोडं मोठं कापून त्याच्या कडेवर माती टाकली की हा त्रास थांबतो. चंदेरी बाजू वर ठेवण्याचंही एक कारण हेच, कारण काळी बाजू वर असली तर ती जास्त तापते.

उन्हानं वळलेल्या पानावर फवारणी करायची नसते. केली तर नुकसानच होतं, कारण गंधक किंवा तेल असलेलं औषध पस्तीस अंशांच्या वरच्या उन्हात पान भाजून काढतं. मग कडा करपतात आणि त्या करपलेल्या कडांनाही लोक कोकडाच म्हणतात. उन्हावर उपाय म्हणजे पहाटे थोडं आणि संध्याकाळी थोडं असं ठिबक विभागून चालवणं. शक्य असेल तर बेडच्या पश्चिमेला मक्याची किंवा ज्वारीची दाट ओळ आधीच उभी करावी. ती ऊन अडवते आणि पुढे किडीही.

याच कोरड्या दिवसांत फुलकिडेही येतात, आणि इथे गोंधळ सुरू होतो, कारण तेही पान वरच वळवतात. फुलकिडा जेमतेम एक मिलिमीटरचा, फिकट पिवळा. तो मावा-तुडतुड्यांसारखी सोंड खुपसून रस ओढत नाही. पानाचा पापुद्रा खरवडतो आणि वर येणारा रस पितो. पान अजून घडीत असताना हे झालं तर खरवडलेला भाग वाढत नाही, उरलेलं पान वाढत राहतं, आणि पान द्रोणासारखं वर वळतं. उन्हाच्या वळणापासून हे वेगळं कसं ओळखायचं? पहाटे ते सरळ होत नाही. वळण शेंड्याच्या नव्या पानांत असतं, खालची जुनी पानं ठीक असतात. आणि पानाच्या खाली मधल्या शिरेलगत चंदेरी, पुढे तपकिरी होणारे ओरखडे दिसतात.

खात्री करायची तर शेंडा पांढऱ्या कागदावर धरून तीन-चारदा झटकायचा. कागदावर रेघेएवढे पिवळसर किडे पळताना दिसले तर शंका उरत नाही. मात्र हे सकाळी करावं, भर उन्हात ते पानाच्या घडीत दडून बसतात. फवारणी करूनही फुलकिडे परत का येतात, याचं उत्तर त्यांच्या वाढीच्या पद्धतीत आहे. मादी अंडी पानाच्या आत घालते, तिथे स्पर्शजन्य औषध पोचत नाही. पिल्लं मोठी झाल्यावर मातीत किंवा पालापाचोळ्यात उतरतात आणि तिथे कोषात बसतात, तिथेही ते पोचत नाही. एका फवारणीत सापडतात ते फक्त पानावरचे. म्हणून पहिल्या फवारणीनंतर सात-आठ दिवसांनी पुन्हा कागद झटकून पाहावा लागतो, आणि गरज असेल तर दुसरी फवारणी वेगळ्या गटाच्या औषधाची घ्यावी लागते. नाव वेगळं पण गट तोच, असं झालं तर पैसे जातात आणि किडी सोकावतात. डब्याच्या लेबलवर नेमका घटक वाचला की हे टळतं. जोराचा पाऊस झाला की फुलकिडे धुऊन जातात आणि जूनअखेर हा प्रश्न बऱ्याचदा आपोआप हलका होतो.

इथे एक अपवाद सांगायला हवा. 2021-22 च्या हंगामात आंध्र, तेलंगण आणि कर्नाटकातल्या मिरचीवर ज्या काळ्या थ्रिप्सनं हाहाकार केला, ती जात वेगळी आहे. भारतात ती 2015 साली बंगळुरूत पपईवर पहिल्यांदा नोंदली गेली होती. तिची मादी गडद तपकिरी, जवळजवळ काळी असते आणि तिचा मुक्काम शेंड्यापेक्षा फुलात असतो. त्यामुळे पान फारसं वळलेलं नसतानाही फुलं गळतात आणि फळ धरत नाही. म्हणून फुलोऱ्यात आलेल्या प्लॉटमध्ये शेंड्यांसोबत फुलंही कागदावर झटकायला हवीत. नेहमीच्या फुलकिड्यांची औषधं तिच्यावर पुरेशी चालत नाहीत, हे त्या हंगामात गुंटूर भागातल्या शेतकऱ्यांनी एकामागून एक फवारण्या करून अनुभवलं.

जुलै-ऑगस्टमध्ये झडी लागते, आभाळ आठ-आठ दिवस भरून राहतं, आणि आता वळण्याची दिशा उलटते. पानाच्या कडा खाली जातात, द्रोण पालथा पडतो. हे काम कोळ्याचं. त्याला पिवळी कोळी, पांढरी कोळी अशी नावं आहेत, पण त्याचा रंग डोळ्यांनी दिसत नाहीच. त्याची लांबी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी. पानाच्या खाली जाळी वगैरे काही नसते, ती लाल कोळ्याची सवय. त्यामुळे शेतकरी पान उलटून पाहतो, त्याला काही दिसत नाही आणि तो म्हणतो, कीड तर नाहीये, म्हणजे व्हायरसच असणार. माझ्या मते पावसाळ्यात व्हायरस म्हणून उपटलेल्या मिरच्यांत कोळ्यानं वळलेली झाडं बरीच असतात, आणि ती वाचली असती.

खुणा पाहू. पालथं वळलेलं पान जाड, ठिसूळ आणि जास्तच गर्द हिरवं असतं. त्याच्या खालच्या बाजूला तेलकट, तांबूस-तपकिरी चकाकी असते. शेंड्याकडच्या पानांचे देठ लांबतात आणि पान मात्र अरुंद राहतं. प्रादुर्भाव वाढला की शेंडा आखडतो, कळ्या गळतात, आणि धरलेल्या फळाची साल खरबरीत, खाकी होते. कोळी रस शोषतो तेवढ्याच भागाला इजा होते असं नाही, त्याच्या लाळेमुळे कोवळ्या भागाची वाढच बिघडते. म्हणून थोडेसे कोळीही मोठा परिणाम दाखवतात. भिंगातून पाहिलं की गोलसर, पारदर्शक जीव हळू चालताना दिसतात. त्यापेक्षा पक्की खूण म्हणजे अंडी. ती पानाला चिकटलेली, पारदर्शक आणि लांबट असतात, आणि त्यांच्यावर पांढऱ्या टिंबांच्या रांगा असतात. मिरचीच्या पानावर अशी अंडी दुसऱ्या कुणाची नसतात.

त्याची वाढ फार झपाट्यानं होते. उबदार, दमट हवेत अंड्यापासून पूर्ण वाढलेला कोळी चार-पाच दिवसांत तयार होतो. मादी तिच्या आयुष्यात तीस ते सत्तर अंडी घालते. वाऱ्यानं, मजुरांच्या कपड्यांवरून तो पसरतो, आणि पांढऱ्या माशीच्या पायांना चिकटूनही पसरतो. नर तर अजून वाढ पूर्ण न झालेल्या मादीला उचलून ताज्या शेंड्यावर नेऊन ठेवतो. तरीही कोळ्याचा प्रादुर्भाव शेतात एकदम सगळीकडे दिसत नाही. तो एका सावलीच्या कोपऱ्यातून, झाडाखालून किंवा मक्याच्या आडोशातून सुरू होतो आणि ठिपका मोठा व्हावा तसा वाढतो. हा कोपरा आठ दिवस आधी सापडला तर खर्च बराच वाचतो.

कोळी म्हणजे कीटक नव्हे, तो आठ पायांच्या कोष्ट्यांच्या जातीचा. इमिडाक्लोप्रिडसारखी रस शोषणाऱ्या किडींची औषधं त्याच्यावर चालत नाहीत. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाची औषधं वारंवार मारली तर ती कोळ्याला खाणारे परभक्षी कोळीच आधी मारतात आणि उरलेल्या कोळ्याला मोकळं रान मिळतं. मेमध्ये फुलकिड्यांवर ज्यानं भरमसाठ फवारण्या केल्या, त्याच्या शेतात ऑगस्टचा कोळी जास्त जोर धरतो, त्यामागे हे एक मोठं कारण असतं. दुसरं कारण युरिया. पान वळलं की झाड अशक्त झालं असं समजून नत्र दिलं जातं, त्यानं शेंडे लुसलुशीत होतात, आणि कोळ्याला तेच हवं असतं.

एक उदाहरण घेऊन हे सगळं पडताळून पाहू. समजा एका एकरात पाच फुटांवर बेड आणि सव्वा फुटावर रोप आहे, म्हणजे सुमारे सात हजार झाडं. लागवड एप्रिलअखेरची, तारीख पाच ऑगस्ट, आधी आठवडाभर रिमझिम. शेंडे वळलेत अशी तक्रार. आधी पूर्ण प्लॉटमधून नागमोडी चालत पंचवीस ठिकाणी एकेक झाड पाहायचं आणि प्रत्येकाचा शेंडा भिंगाखाली धरायचा. समजा बारा झाडं वळलेली निघाली. त्यातली नऊ कडुनिंबाखालच्या एका कोपऱ्यात आणि त्याच्या आसपास आहेत, पानं पालथी, गर्द, खालून तांबूस. भिंगात टिंबांची अंडी दिसली. उरलेली तीन झाडं प्लॉटभर विखुरलेली आहेत. त्यांची पानं वर वळलेली, बारीक, कडांना पिवळी, शिरा जाड, आणि पेरं इतकी जवळ की झाड झुडपासारखं दिसतं. पानाखाली ओरखडे नाहीत, अंडी नाहीत, पण झाड हलवलं की पांढरी माशी उडते. म्हणजे एकाच प्लॉटमध्ये दोन कारणं आहेत, आणि दोघांसाठी करायच्या गोष्टी अगदी वेगळ्या.

कोळ्याच्या कोपऱ्यासाठी आधी तोडणीला आलेल्या मिरच्या काढून घ्यायच्या, कारण फवारणीनंतर लेबलवर दिलेले दिवस तोडा करता येत नाही. हवा ढगाळ, पारा तिशीच्या आत, म्हणजे गंधक चालेल. पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक लिटरला 2 ते 3 ग्रॅम, पंधरा लिटरच्या पंपाला साधारण चाळीस ग्रॅम. प्रादुर्भाव जास्त असेल तर फेनपायरॉक्झिमेट 5 ईसी लिटरला 1 मिलि. कोपऱ्याच्या चहूबाजूंना चार-पाच बेड जास्तीचे घ्यायचे, कारण जिथे पान अजून वळलेलं नाही तिथेही कोळी पोचलेला असतो. पण औषधापेक्षा ते कुठे पडतं हे इथे जास्त महत्त्वाचं आहे. कोळी पानाच्या खाली आणि शेंड्याच्या घडीत असतो. वरून पंप मारत चालत गेलं तर पानाची पाठ तेवढी भिजते. नोझल वर तोंड करून झाडाच्या आतून फवारलं तरच औषध त्याच्यापर्यंत जातं. वाढलेल्या झाडांना एकरी दोनशे लिटरच्या आसपास पाणी लागतं. सहा-सात पंपांत एकर उरकला तर कोळी मेला नाही असं खुशाल समजावं. निंबोळी तेल आणि गंधक एकत्र किंवा पाठोपाठ मारू नये, पान भाजतं.

पुढचा प्रश्न फवारणी लागू पडली का, आणि इथे घाई होते. वळलेलं पान पुन्हा सरळ होत नाही, औषध कितीही चांगलं असो. चार दिवसांनी शेतकरी तीच पानं पाहतो, काही फरक दिसत नाही, आणि दुसरं औषध आणतो. पाहायचं ते नव्या शेंड्याकडे. पाच-सहा दिवसांनी भिंगाखाली जिवंत कोळी आहेत का ते पाहायचं. अंड्यांतून नवे निघालेले असतील तर दुसऱ्या गटाच्या कोळीनाशकाची एक फवारणी. मग दहा-पंधरा दिवसांत येणारी नवी पानं सपाट, फिकट हिरवी निघाली तर काम झालं. ती पुन्हा पालथीच आली तर फवारणी खाली पोचली नाही किंवा निदान चुकलं, यांपैकी एक.

उरलेली तीन झाडं पर्णगुच्छ विषाणूची. या विषाणूवर औषध नाही, आणि तो पांढऱ्या माशीतूनच पसरतो. झाड उपटण्यापूर्वी त्याच्यावरच्या माशीचा बंदोबस्त करायचा, नाहीतर उपटताना उडालेली माशी शेजारच्या झाडावर बसते. मग झाड पिशवीत घालून बांधाबाहेर न्यायचं. लागवडीनंतर पहिल्या महिन्या-दीड महिन्यात वळलेलं झाड पुढे काही देत नाही, ते काढावंच. पण शंभराव्या दिवशी एखादी फांदी वळली आणि झाड मिरच्यांनी लगडलेलं आहे, अशा वेळी मी तरी ते उपटणार नाही. आसपास जी लागण व्हायची ती तोवर होऊन गेलेली असते. विषाणूची खरी लढाई रोपवाटिकेत असते. पन्नास मेशच्या जाळीत वाढवलेली रोपं आणि लागवडीपासूनचे चंदेरी मल्चिंग व पिवळे चिकट सापळे यांनी जेवढी माशी थांबते, तेवढी नंतरच्या दहा फवारण्यांनी थांबत नाही.

आणखी एक वळण असं असतं की त्यात कीडही नाही, विषाणूही नाही. या पट्ट्यात मिरचीच्या शेजारी मका असतो आणि मक्यात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं जातं. वाऱ्यानं त्याचा अंश मिरचीवर आला की दोन-तीन दिवसांत शेंडे आणि देठ पिळवटतात, आणि नंतर येणारी पानं अरुंद, पट्टीसारखी निघतात, त्यांच्या शिरा समांतर दिसतात. अशी झाडं वाऱ्याच्या बाजूच्या कडेला जास्त आणि आत जावं तसतशी कमी दिसतात, एकाच दिवशी सगळी वळलेली. कधी दोष शेजाऱ्याचा नसतोच, तणनाशक मारलेला पंप नुसता पाण्यानं खळबळून मिरचीला वापरलेला असतो. मग वळलेल्या झाडांची रांग थेट फवारणी करत गेलेल्या माणसाच्या वाटेवर असते. पहिल्या पंपाचे बेड सर्वांत वाईट आणि पाचव्या-सहाव्या पंपाचे जवळजवळ ठीक. अंश कमी असेल तर तीन-चार आठवड्यांत नवी फूट सरळ येते. तोवर पाणी नियमित द्यायचं आणि दुसरं काहीही फवारायचं नाही. पंप मात्र यापुढे तणनाशकासाठी वेगळाच ठेवावा.